लांबचा वाफा आधी

कॉमिक्स म्हणजे पोरांनी जेवताना वाचायचा प्रकार, असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. एका पानाच्या कॉमिक्सनं मला जेवढं चक्रावलंय तेवढं कुठल्या जाडजूड पुस्तकानं चक्रावलेलं नाही. बरं, ते पान दुसऱ्या कोणी काढलं असतं तर त्याला चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. पण ते मीच काढलं होतं.

दोन हजार एक सालची गोष्ट. मी नाशिकच्या एका कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होते. घर मखमलाबादला, मळ्यात. आम्ही फुलांचे माळी. झेंडू, शेवंती, मध्ये मध्ये वांगी आणि कोथिंबीर. माझे वडील भिमाजी, त्यांना आम्ही नाना म्हणतो, ते मळा बघायचे आणि आई, साळूबाई, फुलबाजारात बसायची. सकाळी मालाच्या टेम्पोतून आईबरोबर मीही शहरात यायचे. टेम्पोत माल चढवून नाना वर उभे असायचे आणि मला चढायला हात द्यायचे. मी तो कधी घेतला नाही. मागच्या फाळक्याची साखळी धरून माझी मी चढायचे. आई म्हणायची, "हात धरला तर झिजशील का गं मंजे?" मी म्हणायचे, "मला येतं चढता."

त्याचं कारण आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी पाच वर्षांची असताना माझे काका, सावळीराम, आमच्या विहिरीत पडले. पाण्यात नाही, पुरुषभर खाली दगडाचा टप्पा होता त्यावर. पाय मोडला आणि कायमचा आखूड राहिला. त्यांचा मळा सुटला. ओझरला विमानाच्या कारखान्यात स्टोअरमध्ये लागले आणि तिकडेच घर केलं. सगळे म्हणायचे, पाय घसरला. काका स्वतःही तेच म्हणायचे. पण मी तिथं होते. मी नानांचा हात बघितला होता, बोटं फाकलेली, आणि बोटांपाशी काकांचा पांढरा सदरा. नानांनी काकांना ढकललं, हे मला माहीत होतं. मी कोणाला बोलले नाही. तो हात मात्र कधी धरला नाही.

आता वर्गाकडे येते. खैरनार सर आम्हाला चित्रकथा शिकवायचे. निम्म्या वर्गाला वाटायचं, यात शिकवायचं काय, चौकटी आखा आणि बोलणं भरायला फुगे काढा. सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन चौकटी काढल्या. पहिलीत एक बाई दुधाचं पातेलं घेऊन चाललेली. दुसरीत मांजर फरशीवरचं दूध चाटतंय.

"दूध कसं सांडलं?" सरांनी विचारलं.

कोणी म्हणालं, मांजर पायात आलं. कोणी म्हणालं, पातेलं गरम होतं. माझी मैत्रीण सृष्टी म्हणाली, सासूनं मागून हाक मारली असणार. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीवर खडू टेकवला.

"सांडताना मी कुठं काढलंय? आधीचं काढलं, नंतरचं काढलं. सांडणं या कोऱ्या जागेत झालं, आणि ते तुम्ही प्रत्येकानं आपापलं केलं. या जागेला गटर म्हणतात."

गटर म्हटल्यावर वर्ग खिदळला. सर चिडले नाहीत. म्हणाले, हसा, पण पानावरची सगळ्यात महाग जागा तीच. चित्रकार तिथं काहीच काढत नाही आणि वाचणारा तिथं सगळ्यात जास्त काम करतो.

मग त्यांनी आम्हाला डोळा कसा चालतो ते दाखवलं. आपण मराठी वाचतो तसं कॉमिक्सचं पानही डावीकडून उजवीकडे वाचतो आणि ओळ संपली की खाली उतरतो, हे खरं. पण पान आखताना त्यात मोडतोड होते. डावीकडे एकाखाली एक दोन लहान चौकटी आणि उजवीकडे दोन्हींच्या उंचीची एक लांब चौकट असेल, तर डोळा आधी डावीकडच्या दोन्ही उतरतो आणि मग उजवीकडे जातो, कारण ती लांब चौकट भिंतीसारखी आडवी येते. फट बारीक असली की दोन चित्रं एकमेकांना चिकटतात, रुंद असली की तुटतात. रुंद चौकटीत डोळा रेंगाळतो, तिथं वेळ संथ होतो. अरुंद चौकटी ओळीनं आल्या की धावपळ वाटते. मोठं काढलं ते महत्त्वाचं वाटतं, मग ते नसलं तरी. आणि सगळ्यात आधी, एकही चौकट वाचायच्या अगोदर, वाचणाऱ्याला अख्खं पान दिसतं. एका नजरेत, एखाद्या नकाशासारखं.

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि तिथंच माझी वाट लागली.

सरांनी काम दिलं: एक आठवण, एका पानात, सहा चौकटींत, एकही शब्द न लिहिता. वार्षिक प्रदर्शनात सगळ्यांची पानं लागणार होती आणि घरचे बघायला येणार होते. मला दुसरी कुठलीच आठवण सुचेना. मी विहीरच काढायला घेतली. शब्द नाहीत, नावं नाहीत, मग कोणाला कळतंय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते कळायलाच हवं होतं. नानांनी ते पान बघावं आणि त्यांचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं कधीतरी बाहेर काढायचं होतंच, म्हटलं शाईनं काढू.

आणि मी हुशारी केली. पान म्हणजे नकाशा ना, मग मी पानाचंच वावर केलं. माथ्यावर मधोमध विहिरीचं गोल तोंड. तिथून खाली पानाच्या मधून रुंद पाट, पाणी वाहतंय असा. पाटाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन वाफे, त्याच माझ्या सहा चौकटी. वरच्या ओळीत डावीकडे: विहिरीच्या काठावर दोन भाऊ, तोंडं उघडी, लहान पोरीला खालून दिसतील तसे. उजवीकडे: हात, फाकलेली बोटं आणि सदऱ्याची कड. मधल्या ओळीत डावीकडे: रिकामा काठ, त्यावर एकच चप्पल. उजवीकडे: दुसरी चप्पल पाण्यात पडून उठलेली वर्तुळं. खालच्या ओळीत डावीकडे: टप्प्यावर पडलेले काका, वर बघणारे. उजवीकडे: नुसते झेंडू, चौकट भरून, कारण मी घाबरून झेंडूत जाऊन लपले आणि पुढचं मला काही दिसलंच नाही.

भांडण, हात, चप्पल, वर्तुळं, काका, झेंडू. ढकलणं मी काढलंच नव्हतं. हात आणि चप्पल यांच्या मधल्या कोऱ्या जागेत ते आपोआप होत होतं. सरांनी शिकवलं ते मला इतकं जमलं म्हणून माझी मीच खूश होते.

शाई वाळायला पान ओट्यावर ठेवलं होतं. नाना मळ्यातून आले, हात पुसले आणि उकिडवे बसले. मी दारात उभी.

"हे आपलं वावर हाय," नाना म्हणाले.

"हो."

"विहीर वर."

त्यांनी विहिरीवर बोट ठेवलं. ते बोट पाटातनं खाली निघालं आणि कुठल्याही चौकटीपाशी न थांबता सरळ पानाच्या तळाला गेलं. तिथं उजवीकडे वळून झेंडूवर थांबलं.

"झेंडू," ते म्हणाले. मग काकांवर गेलं. "हा सावळ्या, खाली पडलेला." मग एक वाफा वर, पाण्याची वर्तुळं. मग चप्पल. मग हातावर. तिथं ते बराच वेळ थांबले. शेवटी काठावरच्या दोघा भावांवर येऊन म्हणाले, "आन् हे आम्ही, वर आल्यावर. दम लागलेला."

मी दारातून ओट्यावर आले.

"मी काढला त्याला वर," नाना म्हणाले. "तुझ्या ध्यानात हाय तर. मला वाटायचं तुला येगळंच ध्यानात असंल."

"नाना, हे असं खालून नाही वाचायचं."

"मग कसं? लांबचा वाफा आधी. जवळचे भिजवत बसलं आन् लाईट गेली, तर लांबचा कोरडा राहतो. तुला काय म्हाईत नाय का?"

माहीत होतं. चांगलंच माहीत होतं. मी शेंबडी असल्यापासून दारं धरलीत, खोऱ्यानं पाटाचं तोंड मोडायचं आणि पाणी वाफ्यात सोडायचं, तेही तळापासून विहिरीकडे येत. आमच्या मळ्यात नानांचा हा नियम देवाच्या नेमासारखा होता. वावर काढलं मी, पाट काढला मी, आणि पाणी कुठून फिरतं तेच विसरले. शहाणी कुठली.

नाना उठून मोटर चालू करायला गेले. पाठ वळवून डोळे पुसले असावेत, मला नीट दिसलं नाही. मी मात्र पान उचलून खालून वर वाचलं. झेंडू, खाली पडलेले काका, वर्तुळं, चप्पल, हात, काठावर दोघं भाऊ. सगळं नीट लागत होतं. भांडणासाठी उघडलेली तोंडं आता धापा टाकत होती. ढकलणारी बोटं सदरा पकडायला निघाली होती. मी एक रेघ बदललेली नव्हती आणि गोष्ट पार उलटी झाली होती.

मला आधी राग आला. म्हटलं, काय माणूस आहे, स्वतःला सोयीचं वाचून मोकळा झाला. मग थोड्या वेळानं वेगळाच विचार आला. ते खोटं बोलत असतील तर डोळे कशाला पुसतील? आणि ते खरं असेल तर मी इतकी वर्षं कुठला हात टाळत होते?

दुसऱ्या दिवशी पान सरांपुढे ठेवलं. सरांनी ते बराच वेळ न्याहाळलं. मग आमच्या वर्गातल्या रोहितला बोलावलं आणि म्हणाले, वाच. रोहितनं डावीकडचा अख्खा स्तंभ आधी वाचला. दोघं भांडतायत, मग काठावर चप्पल, मग एक जण खाली. मग उजवीकडे वर जाऊन हात, पाणी, झेंडू.

"सोपं आहे," रोहित म्हणाला. "भांडताना पाय घसरला. दुसऱ्यानं हात दिला."

"हात आधी आहे," मी म्हणाले.

"कुठं आधी? हा पलीकडं आहे."

"दिसत नाही का तुला, वरच्या ओळीत आहे."

"अगं, मध्ये केवढा पाट ओतलायस तू. तो ओलांडून कोण जाईल?"

सर हसले. म्हणाले, त्याचं बरोबर आहे. मधली उभी जागा एवढी रुंद आणि आडव्या फटी एवढ्या बारीक, की डोळा पलीकडे उडी मारतच नाही, खाली घसरतो. सृष्टीनं मात्र ओळीनंच वाचलं आणि म्हणाली, "बाई गं, ढकललं की त्यानं." म्हणजे एका पानात तीन गोष्टी निघाल्या. ढकललं, घसरला, काढला.

"मंजुषा, तुझ्या मते कुठला रस्ता खरा?" सरांनी विचारलं.

"पहिला. ओळीनं."

"मग बाकीचे रस्ते बंद कर. किंवा मुद्दाम उघडे ठेव. पण ठरवून. वाचणारा गोंधळला तर चालतं, कधी कधी तेच हवं असतं. काढणारीच गोंधळली असेल तर ते पानात दिसतं."

मला फार लागलं ते. मी तडक कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, पानाच्या प्रती काढल्या आणि सहाही चौकटी कात्रीनं कापून वेगळ्या केल्या. कॅन्टीनच्या टेबलावर त्या मांडत बसले. म्हटलं, मी तिथं होते ना, मला आठवतंच की. भांडण आधी, मग हात. पण मग मी हात उचलून काकांच्या नंतर ठेवला, आणि मला तेही आठवायला लागलं. अगदी स्पष्ट. चप्पल आधी ठेवली, तेही खरं वाटलं. माझ्याजवळ चित्रं पक्की होती. त्यांना नंबर नव्हते. नंबर मी नंतर कधीतरी टाकले होते, आणि कधी टाकले तेही आठवेना. सृष्टी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "रडतीयेस का तू?" मी म्हणाले, "कात्री लागली."

रविवारी सीबीएस स्टँडवरून ओझरची गाडी पकडली. काका घरीच होते. काकू, नवसाबाई, माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या. मी पिशवीतून त्या सहा चौकटी काढल्या आणि खाटेवर काकांपुढे ठेवल्या. एका शब्दानं काही विचारलं नाही. म्हणाले फक्त, "काका, हे लावून द्या."

काकांनी चष्मा लावला. एकेक चित्र हातात घेऊन बघितलं. चपलेचं चित्र बघून म्हणाले, "दुसरी सापडलीच नाही बघ." मग ते ओळीनं मांडायला लागले. काठावरचे दोघं भाऊ. त्यांच्यापुढे हात. मग चप्पल, वर्तुळं, टप्प्यावरचे ते स्वतः. म्हणजे माझंच बरोबर होतं. इतकी वर्षं माझंच बरोबर होतं, आणि मला त्याचा काडीचाही आनंद होईना.

पण काका थांबले नाहीत. त्यांनी झेंडू हातात धरले आणि खाटेवर इकडं तिकडं शोधायला लागले.

"दुसरा हात कुठंय?"

"कुठला दुसरा?"

"हा. हाच." त्यांनी हाताच्या चित्रावर बोट आपटलं. "हे चित्र एकदाच का काढलंस? दोनदा होता हा."

मी म्हणाले, "मी एकदाच बघितला."

"कधीचा बघितलास?"

मी ते चित्र उचललं आणि परत खाली ठेवलं.

काकांनी चष्मा काढला. "तुला सांगतो. दसरा तोंडावर होता. पाण्याची पाळी माझी. मी जवळचे वाफे आधी भिजवले. आळस, दुसरं काय. लाईट गेली ती गेलीच, चार दिवस आली नाही, आणि लांबचा झेंडू करपला. दादा आला तणतणत. मी तरी कुठं गप्प बसतो, म्हणालो, एवढं आहे तर तुझा झेंडू डोक्यावर घेऊन नाच. त्यानं ढकललं."

"मुद्दाम?"

"हात मुद्दाम होता. विहीर मुद्दाम नव्हती."

आत कपबशांचा आवाज आला. काकांनी तिकडं बघून आवाज खाली आणला.

"मी टप्प्यावर पडलो. वर बघितलं तर तोच काठावर पालथा पडलेला, हात खाली सोडलेला. आधी सदरा हाताला लागला, मग दंड. एकट्यानं ओढला मला. तेव्हा तू झेंडूत होतीस, तुझा फ्रॉक दिसत होता मला वर आल्यावर."

"मग पाय घसरला असं का सांगितलं सगळ्यांना?"

"ढकललं म्हटलं असतं तर काढला ते कोणी ऐकलंच नसतं. आणि काढला म्हटलं असतं तर पडलास कसा, हे विचारलं असतं. घसरला म्हटलं की लोक गप्प बसतात." काकांनी पाय दोन्ही हातांनी उचलून खाटेवर घेतला. "त्याला मी किती वेळा म्हणालो, झालं ते झालं. दर दसऱ्याला झेंडूची माळ घेऊन येतो, दारातनं देतो आणि जातो. चहा घेत नाही. लांबच्या वाफ्याचं वेड तर तुला माहीतच आहे."

मी खाटेवरच्या चौकटी बघत बसले. मला कोणाचा राग करावा कळत नव्हतं. ज्यानं ढकललं त्याचा करायला जावं तर काढणारा मध्ये येत होता, आणि ज्यानं काढलं त्याच्यासाठी रडायला जावं तर त्याच बोटांनी आधी ढकललेलं होतं. एक चांगला भाऊ आणि एक वाईट भाऊ असते तर काम सोपं झालं असतं.

"हे झेंडू कशाला ठेवलेस शेवटी?" काकांनी विचारलं.

"मला पुढचं दिसलं नाही म्हणून."

"आता दिसलं ना? मग झेंडूच्या जागी हात लाव."

मी पान पुन्हा काढलं. या वेळी डोकं ठिकाणावर ठेवून. मधला पाट अरुंद केला, म्हणजे डोळा डावीकडून उजवीकडे सहज जाईल. ओळींमधली जागा वाढवली, म्हणजे तो मध्येच खाली घसरणार नाही. आणि शेवटच्या चौकटीत झेंडूच्या जागी तोच हात, तीच फाकलेली बोटं, तीच सदऱ्याची कड. गंमत अशी की हे पान खालून वाचलं तरी त्यात दोन्ही हात येतात. कुठल्याही बाजूनं पाणी सोडा, एक हात चुकवून दुसऱ्याकडे जाताच येत नाही. सर म्हणाले, "आता ठरवून गोंधळात टाकलंयस." माझ्यासाठी ही शाबासकीच होती.

प्रदर्शनाच्या दिवशी बाजार आटोपून आई आली, नाना आले. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आई सृष्टीशी बोलत मागं राहिली. नाना पानासमोर उभे राहिले. काचेला बोट लावायचं नाही म्हणून हात मागं बांधून. पण मान त्यांची खालीच गेली आधी, तळाच्या वाफ्याकडे. तिथं हात बघून त्यांनी हळूच मान हलवली. मग काका. वर्तुळं. चप्पल. मग वर, पहिल्या ओळीत, उजवीकडे. तिथं मान थांबली.

मला वाटलं, आता निघून जातील, आणि काकांच्या दारातून जातात तसे पुन्हा कधी आत येणार नाहीत.

"सावळ्यानं सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळं?"

"हो."

ते आणखी थोडे पुढं झाले. वरच्या हाताकडे बघितलं, मग खालच्या हाताकडे, मग परत वर.

"वरचा बारीक काढलाय," ते म्हणाले.

खरंच बारीक होता. तोच हात काढायचं ठरलं होतं, तरी ढकलण्याची चौकट मी अरुंद आखली होती, रेघ हलकी घेतली होती, आणि खालची चौकट चांगली ऐसपैस केली होती. मोठं काढलं ते महत्त्वाचं वाटतं, हे शिकले होते ना. सरांच्या लक्षात आलं असेल तर ते बोलले नव्हते. काकांच्या घरून परत येताना गाडीत मी ते मनात ठरवलं होतं, आणि मला वाटलं होतं की कोणाला कळणार नाही.

"जागा कमी पडली," मी म्हणाले.

"वाफे पाडताना जागा कमी पडत नसती, मंजे. आपण कमी धरतो." त्यांनी आपला उजवा हात पुढं केला, उलटा सुलटा करून बघितला आणि परत मागं बांधला. "दोन्ही सारखे काढ. हात एकच हाय."

एवढं बोलून ते पुढच्या चित्राकडे गेले. कोणाच्या तरी आजोळचं तळं होतं तिथं. ते त्यांनी नीट, वरून खाली, सगळ्या चौकटींसकट बघितलं.

संध्याकाळी फुलांच्या रिकाम्या प्लास्टिकच्या जाळ्या घेऊन टेम्पो परत निघाला. आई पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. नाना मागं चढले, जाळ्या सरकवल्या आणि वळून खाली हात सोडला, रोजच्यासारखा. माझा हात साखळीकडे गेला होता. तो तिथंच राहिला आणि मी त्या बोटांकडे बघत उभी राहिले. तो वरच्या चौकटीतला हात होता की खालच्या, मला कळेना. अजूनही विचारलंत तर मला सांगता यायचं नाही.

"येती का?" नाना म्हणाले.

मी साखळी सोडली आणि तो हात धरला.